विद्येची रेषा आणि दोन मार्क

पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या रोजनिशीतले हे पान आहे. वय पंचवीस, गाव तासगावकडचे, घरची द्राक्षबाग. राज्यसेवेच्या तीन परीक्षा देऊन झाल्या आहेत. आयुष्यात पहिल्यांदाच हात दाखवून आल्यावर त्याच रात्री तिने हे लिहिले. नाव न देण्याच्या अटीवर तिने ते छापू दिले. गाव-घर ओळखू येईल असा मजकूर तेवढा गाळला आहे.

“गुरुवार, रात्री पावणेबारा. आज अभ्यास झाला नाही. झाला नाही असं नाही, पुस्तक उघडं होतं, पण मी सारखा डावा हात दिव्याखाली धरून बघत होते. एवढ्या वर्षांत या हाताकडे कधी असं बघितलं नव्हतं.

“रूममेटच्या आग्रहाने गेले. पाचशे रुपये. जाताना मनात होतं की आपण राज्यशास्त्राच्या पदवीधर, वैज्ञानिक दृष्टिकोन हे मूलभूत कर्तव्य आहे म्हणून पेपरात लिहून येतो, आणि इथे चपला काढून रांगेत बसलोय. आत गेल्यावर हे सगळं विसरले. त्यांनी भिंगातून हात पाहिला, पट्टी लावली, आणि मी काहीच बोलले नसताना सांगितलं की परीक्षेत तुमचं दोन मार्कांनी गेलं. दोन! अंगावर काटा आला. भावाबद्दलही बरोबर सांगितलं. म्हणाले, तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून फार लावून घेता, दुसऱ्यांसाठी करता आणि त्याची कुणी जाण ठेवत नाही. मला रडू येईल असं वाटलं. आईसुद्धा हे कधी म्हणाली नाही.

“भाग्यरेषा खालून नाही, मधूनच सुरू होते. म्हणून उशीर. अठ्ठावीसनंतर भाग्योदय. उशिरा मिळेल पण मिळेल. मी विचारलं, अधिकारी पदच ना? ते म्हणाले, मानाचं स्थान. गुरूचं बळ कमी पडतंय, पुष्कराज घाला, तर्जनीत, गुरुवारी. पाच रत्तीचा, चौदा हजारांपर्यंत जाईल.

“चौदा हजार म्हणजे मेस आणि अभ्यासिकेचे तीन महिने. अप्पांना कसं सांगू? आणि सांगू का? हे खरं असेल तर अजून तीन वर्षं थांबायला हवं. खोटं असेल तर त्यांना दोन मार्क कसे कळले? खोटं असावं असं डोकं म्हणतंय. खरं असावं असं बाकी सगळं म्हणतंय. खरं सांगायचं तर मला भविष्य नको होतं, कुणीतरी थांबू नकोस म्हणावं एवढंच हवं होतं. ते त्यांनी म्हटलं.”

हे पान वाचून मुलीला हसणे सोपे आहे, आणि मला ते मान्य नाही. हजारो मुलेमुली त्या पेठांमधल्या अभ्यासिकांत बसली आहेत आणि पदे शेकड्यांत आहेत. आपण कुठे उभे आहोत हे त्यांना कुणीही नीट सांगत नाही. अशा वेळी कुणीतरी हात हातात घेऊन वीस-पंचवीस मिनिटे फक्त आपल्याबद्दल बोलतो, ही गोष्टच मोठी आहे. पण तिने स्वतःच विचारलेला प्रश्न उत्तर मागणारा आहे. त्यांना दोन मार्क कसे कळले?

सुदैवाने त्याचे उत्तर आहे, कारण बैठकीचे ध्वनिमुद्रण आहे. हात पाहणारे अनेक जण ‘हवं तर रेकॉर्ड करून घ्या’ असे स्वतःच सांगतात, कारण लोकांच्या सगळे लक्षात राहत नाही. मैत्रिणीने मोबाइलवर ते केले होते. रोजनिशी लिहिल्यानंतर काही दिवसांनी दोघींनी ते ऐकले, नंतर मीही ऐकले. त्यातला तो भाग असा आहे.

“विद्येची रेषा चांगली आहे. कष्ट आहेत. पण फळ हातातोंडाशी येऊन निसटतं. आलंय का असं?”

“हो, मागच्याच वेळी. दोन मार्कांनी मेन्स राहिली.”

“तेच म्हणतो मी. दोन मार्क. हे बघा, इथे रेषा तुटली आहे.”

आकडा तिने दिला. त्यांनी तो परत उच्चारला, आणि रेषेवर बोट ठेवून उच्चारला. रात्री पावणेबारा वाजता तिच्या आठवणीत फक्त दुसरे वाक्य उरले होते, पहिले गळून गेले होते. ती खोटे लिहीत नव्हती. मध्ये जेमतेम काही तासच गेले होते. बोलताना आपण दिलेली माहिती आपल्याला आपली वाटत नाही, ती संभाषणातली सहज गोष्ट असते. समोरच्याकडून ती परत आली की तेवढी ठसते.

भावाचेही तसेच. मुद्रणात ते विचारतात, “थोरला भाऊ आहे ना?” ती म्हणते, “नाही, धाकटा आहे.” ते म्हणतात, “मग थोरल्या भावासारखा कुणीतरी, चुलत, मावस, ज्याचा आधार वाटतो.” ती म्हणते, “हो, दादा आहे, काकांचा.” रोजनिशीत हे सगळे ‘भावाबद्दलही बरोबर सांगितलं’ एवढ्यावर आले. परदेशाचा योग, पोटाचा जुना त्रास, लहानपणी पाण्यापासून झालेला धोका, यातले तिला काहीच लागू नव्हते. यातली एकही गोष्ट पानावर नाही. चुकलेले लक्षात ठेवायला कारण नसते, म्हणून ते राहत नाही.

या पद्धतीला मानसशास्त्रात आणि जादूगारांच्या धंद्यात ‘कोल्ड रीडिंग’ म्हणतात. माणूस पूर्वी भेटलेला नसतो, तरी समोर दिसते त्यावरून एक मोघम विधान करायचे, चेहऱ्याकडे पाहायचे, होकार आला तर खोलात जायचे, नकार आला तर विधान रुंद करायचे. दिसत काय होते? उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पेन धरून धरून पडलेला घट्टा. गळ्यात मंगळसूत्र नाही. बोलण्यात सांगलीकडचा हेल. कामाच्या दिवशी भरदुपारी मोकळी असलेली, मैत्रिणीबरोबर आलेली, पंचविशीची मुलगी, आणि तीही अभ्यासिकांनी भरलेल्या पेठेत. ‘फळ हातातोंडाशी येऊन निसटतं’ हे वाक्य तिथल्या कुणालाही सांगा, दहापैकी नऊ जण मान डोलावतील असे मला वाटते.

यावरून हा माणूस लबाड होता असे म्हणायला मी तयार नाही. उलट, मुद्रण ऐकताना तो मनापासून बोलतो आहे असेच वाटत राहते. हात पाहणारे बहुतेक जण स्वतः त्यावर विश्वास ठेवतात, आणि तो कसा बसतो याचे एक फार चांगले उदाहरण नोंदलेले आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रे हायमन विद्यार्थिदशेत पैशांसाठी जादूचे प्रयोग करत आणि हात पाहत. आधी त्यांचाही या विद्येवर विश्वास नव्हता, पण लोक इतके प्रभावित होत की तो बसला. तेव्हा स्टॅन्ली जॅक्स या जाणत्या कलावंताने त्यांना सुचवले की एकदा रेषा जे सांगते त्याच्या बरोबर उलटे सांगून पाहा. हायमन यांनी तसे केले. लोक पहिल्याइतकेच समाधानी होते. म्हणजे इतकी वर्षे त्यांना मिळालेली दाद रेषेला नव्हती. समोरचा माणूस मिळालेल्या वाक्यांत आपले आयुष्य भरून ती पुरी करत होता. हायमन पुढे याच विषयाचे अभ्यासक झाले.

‘वरून खंबीर, आतून हळवी’ या वाक्यांवर तिचे डोळे भरले, त्यांचीही अशीच एक कसोटी झालेली आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या प्राध्यापकाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि आठवड्याने प्रत्येकाला त्याचे स्वतंत्र वर्णन दिले. ते तुम्हाला किती लागू पडते, यासाठी शून्य ते पाच गुण द्या, असे सांगितले. सरासरी आली ४.२६. मग त्याने उघड केले की सगळ्यांच्या कागदावर एकच मजकूर होता, आणि तो रस्त्यावरच्या दुकानात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जमवला होता. रोजनिशीवाल्या मुलीने हे वाचल्यावर आपल्या मुद्रणातली पाच-सहा स्वभाववाक्ये कागदावर उतरवली आणि अभ्यासिकेतल्या मुलींना ‘तुझ्या राशीचं आहे’ म्हणून दाखवली. एकीने ते कुठल्या ज्योतिषाचे, म्हणून पत्ता मागितला.

इथपर्यंत प्रश्न बोलण्याचा झाला. पण पट्टी लावून काढलेल्या अठ्ठावीसचे काय? तो आकडा तिने दिलेला नव्हता. तो हातावरूनच आला, आणि कसा आला हे मोजून दाखवता येते.

तळहाताच्या मधून मनगटाकडून मधल्या बोटाकडे उभी जाणारी रेषा ती भाग्यरेषा, तिलाच शनिरेषाही म्हणतात. तळहातावर आडवी जाणारी मधली रेषा ती मस्तकरेषा. आज हात पाहणारे बहुतेक जण मनगटापाशी शून्य धरतात आणि भाग्यरेषा मस्तकरेषेला जिथे छेदते तिथे ३५ वर्षे धरतात. या मुलीच्या हातावर मनगटाच्या वळीपासून मस्तकरेषेपर्यंतचे अंतर साधारण सहा सेंटिमीटर आहे. तिची भाग्यरेषा खालून पावणेपाच-पाच सेंटिमीटरवर उमटते. सहा सेंटिमीटरला ३५ वर्षे, तर चार पूर्णांक आठ सेंटिमीटरला अठ्ठावीस. हिशेब चोख आहे.

आता त्याच हिशेबाने पुढे जाऊ. साठ मिलिमीटरला ३५ वर्षे म्हणजे एका मिलिमीटरला सात महिने. मी तिचा हात दिवसाच्या उजेडात पाहिला तेव्हा भाग्यरेषा नेमकी कुठे सुरू होते, हे मला ठरवता आले नाही. आधी एक पुसट छटा येते, मग तुटते, मग स्पष्ट रेघ होते. पुसट छटेपासून धरायचे की स्पष्ट रेघेपासून, यात सहज पाच मिलिमीटरचा फरक पडतो. पाच मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. अठ्ठावीसऐवजी पंचवीस निघाले असते किंवा एकतीस. मनगटाला तीन वळ्या असतात. त्यांतली पट्टी कुठल्या वळीवर ठेवायची, हा आणखी एक प्रश्न. तळहात ताणून धरला की सैल, यानेही अंतर बदलते. पंचवीस निघाले असते तर ‘आत्ताच सुरू झालं आहे’ असे ऐकून ती घरी आली असती. अठ्ठावीस ऐकून ती तीन वर्षे थांबायचा विचार करू लागली. पुसट रेघेवर पट्टी कुठे टेकली, एवढ्यावर हा फरक आहे.

त्याहून खोल अडचण वेगळीच आहे. आज आपण अंगठ्याभोवती वळणाऱ्या रेषेला आयुष्यरेषा आणि बोटांखालच्या आडव्या रेषेला हृदयरेषा म्हणतो. पण सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत आयुष्य पाहायचे ते करंगळीच्या मुळाशी निघणाऱ्या रेषेवर. ती तर्जनीपर्यंत पोचली की शंभर वर्षे. म्हणजे जिला आज हृदयरेषा म्हणून प्रेम आणि लग्न विचारले जाते, तीच त्या परंपरेत आयुरेखा आहे. अंगठ्याकडची दुसरी, तिला सामुद्रिकात पितृरेखा म्हणतात. मग आजची नावे आपल्याकडे आली कुठून? पुष्कळशी ‘किरो’च्या पुस्तकांतून आणि त्यांच्या भाषांतरांतून. किरो म्हणजे १८६६ साली जन्मलेला आयरिश हस्तरेषातज्ज्ञ, मूळ नाव विल्यम जॉन वॉर्नर. गंमत म्हणजे आपण ही विद्या तरुणपणी मुंबईला उतरून, कोकणातल्या एका ब्राह्मण गुरूकडे राहून शिकलो, असे त्याचे स्वतःचे सांगणे. कोकणात तो काय शिकला ते तोच जाणे, पण त्याच्या पुस्तकातल्या रेषा युरोपीय पद्धतीने लावलेल्या आहेत. त्याच तळहातावर एकाच रेषेत एक परंपरा आयुष्य वाचते आणि दुसरी प्रेम, आणि दोन्हीकडे ‘अनुभव येतो’ म्हणणारे लोक आहेत. हायमन यांना उलटे सांगून जे दिसले, तेच इथे दोन संस्कृतींनी मिळून, कुणी मुद्दाम न करता, करून दाखवले आहे.

मग या रेषा असतात कशासाठी? हात उघडा धरा आणि अंगठा सावकाश करंगळीकडे न्या. अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याला, ज्याला हात पाहणारे शुक्राचा उंचवटा म्हणतात, वळसा घालणारी रेषा खोल होईल. अंगठा आणि करंगळी टेकवली की तळहाताच्या मध्यात उभ्या वळ्या पडतील. तुमच्या हातावर भाग्यरेषा असेल तर तिथेच असेल. आता बाकीची बोटे मिटा, आडव्या दोन रेषा घडीवर येतील. या जागी कातडी खालच्या थराला घट्ट धरलेली असते, म्हणून मूठ वळताना ती सुटून गोळा होत नाही. मुख्य रेषा गर्भाच्या साधारण तिसऱ्या महिन्यातच उमटलेल्या असतात. बारीक रेघा नंतर येतात-जातात. कष्टाने, कोरडेपणाने, वजन बदलल्यानेही त्या फिरतात.

डॉक्टरही नवजात बाळाचा तळहात पाहतात, हे इथे सांगायला हवे, कारण हात पाहण्याच्या बाजूने ते नेहमी सांगितले जाते. दोन आडव्या रेषांच्या जागी एकच सलग रेषा असणे डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत बरेच आढळते. पण ती धडधाकट माणसांतही असते. म्हणून ती दिसली की डॉक्टर निदान करत नाहीत, बाकीची लक्षणे पाहतात आणि गुणसूत्रांची तपासणी सांगतात. तिचा संबंध गर्भात हात घडताना काय झाले याच्याशी आहे. लोकसेवा आयोगाचा कट-ऑफ किती लागेल याच्याशी जोडणारा कुठलाही धागा त्या घडीत नाही.

हे सगळे तिला समजले, पटलेही. तरी तिने मला सरळ सांगितले की अठ्ठावीस हा आकडा डोक्यातून जात नाही. मला हे अगदी स्वाभाविक वाटते. शंका विचार करून येते, आशा तशी येत नाही, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही. पण आशेला तपासता येते. तिने तेच केले, आणि माझ्या मते या सगळ्यातला सर्वांत उपयोगी भाग तो आहे. तिने रोजनिशीत भाकीत पुन्हा लिहिले, पण या वेळी ते खोटे कधी ठरेल तेही शेजारी लिहायचे ठरवून. ‘अठ्ठावीसनंतर मानाचं स्थान.’ अठ्ठावीसनंतर कधीपर्यंत? तिसाव्या वर्षी? चाळिसाव्या? मानाचे स्थान म्हणजे तहसीलदार, की गावच्या शाळेतली शिक्षिका, की मोठ्या घरची सून? अठ्ठाविसाच्या आधीच पद मिळाले तर पुष्कराजाने बळ दिले म्हणायचे का? आणि अंगठी घालूनही नाही मिळाले तर? ‘खोटे ठरेल’ या रकान्यात लिहायला तिला एकही ओळ सापडली नाही. कधीही खोटे न ठरणारे हे वाक्य तिला तीन वर्षे थांबवू शकत होते. तीन वर्षांनी आणखी थांबवायलाही ते तयार असते.

पुष्कराज तिने घेतला नाही. मेस आणि अभ्यासिकेचे पैसे भरले. अप्पांना हात दाखवल्याचे सांगितले. ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले की अजून किती दिवस. आत्तापर्यंत या प्रश्नाला ती ‘बघू’ म्हणत होती. या वेळी तिने सांगितले, आणखी दोन पूर्वपरीक्षा. त्यात झाले नाही तर बी.एड.

हा आकडा तू कुठून काढलास, असे मी तिला विचारले. तिने वहीचे शेवटचे पान उघडून दाखवले. पहिल्या वर्षी पूर्वपरीक्षाच निघाली नव्हती. दुसऱ्या वर्षी मुख्य परीक्षेत कट-ऑफला एकोणीस गुण कमी, तिसऱ्या वर्षी दोन. त्याखाली विषयवार गुण मांडलेले होते. अर्थव्यवस्थेच्या पेपरात दोन्ही वर्षे तेच प्रकरण कच्चे राहिले होते, आणि तिने त्याला लाल पेनने गोल केला होता.